दिवे बंद करा

गॅसच्या शेगडीवर चिकटवायच्या एका लेबलाचा मराठी मजकूर नजरेखालून घालायला आला होता. वर ‘गॅस गळती झाल्यास’ असा मथळा आणि खाली सहा ओळी. इंग्रजीतही सहाच होत्या, त्यामुळे सगळे जागच्या जागी दिसत होते. तिसरी ओळ होती : ‘सर्व दिवे बंद करा.’ शुद्धलेखन बिनचूक, व्याकरण बिनचूक. पण स्वयंपाकघरात गॅस कोंडलेला असताना ही ओळ मानून जो वागेल, तो घर पेटवून बसेल.

मूळ ओळीतले इंग्रजी क्रियापद फक्त ज्योतीला लागणारे होते. निरांजन, समई, उदबत्ती, कंदील हे सगळे विझवा, एवढाच तिचा अर्थ. आपल्याकडे मात्र देव्हाऱ्यातला तो दिवा आणि छतावरची ट्यूब हाही दिवाच. दोन्हींतला फरक नामात नसतो, क्रियापदात असतो. समई विझवतात, ट्यूब बंद करतात. ‘दिवे बंद करा’ म्हटले की हात देव्हाऱ्याकडे जात नाही, भिंतीवरच्या बटणाकडे जातो. बटण चालू करताना ठिणगी पडते तशी बंद करतानाही पडते. सिलिंडरमधला गॅस हवेत शंभरात दोन भागांच्या आसपास मिसळला, तरी तेवढी ठिणगी त्याला पुरते.

गंमत म्हणजे विजेच्या बटणाला हात लावू नका, हे त्याच लेबलाच्या पहिल्या ओळीत सांगितलेले होते. तेही कसे? ‘विजेचे कोणतेही उपकरण चालू अथवा बंद करू नका.’ मराठीत नकार शेवटी येतो. एरवी त्याने काही बिघडत नाही, पण भेदरलेला माणूस वाक्य शेवटपर्यंत वाचत नाही. त्याला दिसते ‘विजेचे उपकरण बंद कर...’ आणि ‘नका’पर्यंत डोळे पोचायच्या आत हात पंख्याच्या बटणावर गेलेला असतो. त्यापेक्षा ‘विजेची बटणे आहेत तशीच राहू द्या’ हे वाक्य कुठेही तुटले तरी धोका नाही. शिवाय चालू पंख्याचे काय करायचे, एक्झॉस्ट लावावा का, या दोन्ही प्रश्नांना त्यात उत्तर आहे. चालू आहे ते चालू, बंद आहे ते बंद. फ्रीज मात्र आपणहून चालू-बंद होत राहतो. म्हणून मीटरजवळचा मेन स्विच घराबाहेर जिन्यात असेल, तर वीज तिथून तोडायची. घरातल्या मेनला हात लावायचा नाही.

खरी मेख पुढे होती. दुसरी ओळ होती : ‘दारे-खिडक्या उघडण्यापूर्वी रेग्युलेटर बंद करावा.’ इंग्रजीत रेग्युलेटर आधी आला होता आणि खिडक्या मागून. करायचा क्रम आणि वाचायचा क्रम तिथे एकच होता. ‘पूर्वी’ने बांधलेले मराठी वाक्य तो उलटा करते. अर्थ तोच राहतो, पण कानावर पहिल्यांदा खिडक्या पडतात. बाई खिडकीशी झटापट करू लागते आणि तेवढा वेळ सिलिंडर सुसाट वाहत राहतो. हा गॅस हवेपेक्षा जड असतो. तो ओट्याखाली, जमिनीलगत साचतो आणि खिडकीच्या चौकटीपर्यंत सहजासहजी चढत नाही. म्हणून आधी त्याचा उगम तोडायचा, मग त्याला वाट द्यायची. त्या वाटेतही दाराचे काम खिडकीपेक्षा मोठे, कारण दार जमिनीपर्यंत उघडते.

सहावी ओळ ‘१९०६ वर फोन करून घराबाहेर पडा’ अशी होती. मुळात बाहेर पडा आणि तिथून फोन करा, असे होते. आपत्कालीन क्रमांक महत्त्वाचा म्हणून भाषांतरकाराने तो सद्भावनेने पुढे आणला असणार. पण मराठीतला ‘-ऊन’ हा साधा प्रत्यय नव्हे, तो क्रमाचा शिपाई आहे. ‘बाहेर जाऊन फोन करा’ आणि ‘फोन करून बाहेर जा’ यांत शब्द जवळपास तेच आहेत, पण दुसऱ्या वाक्यातला माणूस गॅसने भरलेल्या खोलीत फोन कानाला लावून उभा आहे.

असल्या चुका पकडण्यासाठी मराठीचे पुन्हा इंग्रजी करून मुळाशी ताडून पाहण्याची पद्धत आहे. इथे ती पांगळी पडते. ‘दिवे बंद करा’चे इंग्रजी केले तर त्यात दिवेच निघतील आणि तपासणारा खूण करून मोकळा होईल. कागदावरची ओळ घरात काय होते, हे घरातच पाहावे लागते. मी तो मजकूर घेऊन शेजारच्या काकूंच्या स्वयंपाकघरात गेलो. म्हटले, “काकू, मी एकेक ओळ वाचतो. तुम्ही तोंडाने काही सांगू नका, नुसता हात न्या.” तिसऱ्या ओळीला त्यांचा हात सरळ ट्यूबच्या बटणाशी गेला. पाठीमागे देव्हाऱ्यात निरांजन तेवत होते, त्याकडे त्यांनी मान वळवूनही पाहिले नाही.

मग मजकूर नव्याने मांडला. ‘गळती’ हा शब्दही काढला. गळते ते छप्पर आणि नळ, गॅसचा तर वास येतो.

गॅसचा वास आला तर :
१. विजेची बटणे आहेत तशीच राहू द्या.
२. रेग्युलेटर बंद करा. शेगडीची बटणेही बंद करा.
३. निरांजन, समई, उदबत्ती विझवा.
४. रेग्युलेटर काढा. सिलिंडरवर टोपी दाबून बसवा.
५. दारे उघडा. खिडक्या उघडा.
६. सगळे बाहेर जा. बाहेरून १९०६ ला फोन करा.

काकूंना हेही वाचून दाखवले. दुसऱ्या ओळीशी त्या अडखळल्या. “शेगडीची बटणे? अहो, आत्ताच बटणांना हात लावू नका म्हणालात ना!” खरेच होते. पहिल्या ओळीतले बटण विजेचे आणि दुसऱ्या ओळीतले शेगडीचे, पण घाबरलेल्या माणसाला दोन्ही एकच. मी दिव्याची चूक दुरुस्त करता करता तीच चूक बटणाची केली होती. “मग तुम्ही काय म्हणता त्याला?” काकू म्हणाल्या, “कान. शेगडीचे कान पिळायचे.” दुसऱ्या घरी कुणी त्याला नॉब म्हणेल, कुणी चावी. लेबलावर शेवटी ‘शेगडीचे नॉब’ गेले, कारण तेवढ्या शब्दाने विजेच्या बोर्डाकडे कुणाचाच हात जात नाही.

छपाईला देताना आणखी एक अट घातली : सहाही ओळी एकाखाली एक. जागा वाचवायला त्या दोन रकान्यांत टाकल्या, की डोळा एकवरून आडवा चारवर उडी मारतो. तसे झाले तर माणूस वाहता रेग्युलेटर उपसून काढायला निघेल.