पाच तारीख आणि सात तारीख

आमच्या भवानी पेठेत टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहिणारे एक शेजारी आहेत. पगार सात तारखेला, कर्जाचा हप्ता पाचला. कायदाही मालकाला महिन्याचा पगार द्यायला पुढच्या महिन्याची सात तारीख देतो, त्यामुळे मालकाची चूक नाही. पाच तारीख करारात लिहिली आहे, म्हणून बँकेचीही नाही. पण या दोन दिवसांसाठी दर महिन्याला उसनवारी मात्र शेजाऱ्यांची!

हप्ता परत गेला तर कर्ज देणारी बँक दंड लावते आणि खात्याची बँकही वेगळे पैसे कापते. उशिराची नोंद क्रेडिट अहवालात जाऊ शकते, ते निराळंच. पूर्वी पाच तारखेला रविवार आला की एक दिवस सुटका व्हायची. १ ऑगस्ट २०२१ पासून नॅचची वजावट सुट्टीच्या दिवशीही होते. तीही फट बुजली.

माझं मत असं, की उसनवारीपेक्षा एक पत्र बरं. आणि त्यात सात नव्हे, दहा तारीख मागावी. सातला रविवार आला तर मालक आठला पगार करतो, म्हणून दोन-तीन दिवस हाताशी हवेत. शेजाऱ्यांनी लिहिलेलं पत्र एवढंच होतं:

"माझ्या कर्ज खात्याचा हप्ता दरमहा ५ तारखेला वजा होतो. माझा पगार ७ तारखेला जमा होतो. सहा महिन्यांचा खातेउतारा सोबत आहे. कृपया हप्त्याची तारीख १० करावी. मधल्या दिवसांचे व्याज किती व ते कसे घेणार, आणि नवा मँडेट लागेल का, हे लेखी कळवावे."

शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. तारीख पुढे गेली की मधल्या दिवसांचं व्याज पडतंच. शिल्लक ३,६५,००० रुपये आणि दर १० टक्के धरला, तर दिवसाला १०० रुपये, पाच दिवसांचे ५००. पण हे एकदाच; पुढचे हप्ते पुन्हा महिन्याच्याच अंतराने येतात. हप्ता परत जाण्याचा भुर्दंड मात्र दर वेळी नव्याने बसतो.

दुसरी मेख मँडेटची. नवा मँडेट घेतला आणि जुना रद्द झाला नाही, तर एकाच महिन्यात दोनदा वजावट होऊ शकते. म्हणून पत्र तीन-चार आठवडे आधी द्यावं, प्रतीवर शिक्का घ्यावा, आणि लेखी होकार येईपर्यंत जुन्याच तारखेला पैसे खात्यात ठेवावेत. नुसता अर्ज दिल्याने पाच तारीख थांबत नाही.

बँक नाही म्हणू शकते, तसं तिच्यावर बंधन नाही. ठरावीक तारखांमधूनच निवडा, असंही सांगेल. पण कर्ज घेताना फॉर्मवर ती तारीख टाकण्याआधी "तुमचा पगार कधी होतो हो?" एवढं विचारायला काय हरकत होती? हप्ता फेडणाऱ्याला बँक पगाराचा आकडा विचारते, पगाराची तारीख विचारत नाही. खरं तर वसुली दोन्हींवर अवलंबून असते.