वडिलांचे देणे आणि वारसांचा नकार

अकोल्याच्या जुने शहरातील एका कुटुंबाने विचारले आहे : वडील निवर्तले, दुकानातील कापडाचा माल आणि घर मिळून मालमत्ता सुमारे ३० लाखांची, देणे मात्र ४५ लाखांचे. हा वारसा नाकारता येईल काय, आणि अर्ज कोठे करावा?

वारसा नाकारण्याची स्वतंत्र रीत गोव्यात आहे. तेथे विशेष नोटरीपुढे दस्त करावा लागतो. आपल्या जैन कुटुंबांना लागू असलेल्या हिंदू उत्तराधिकार कायद्यात तसा अर्ज नाही. परंतु बहुधा त्याची गरजही पडत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५० नुसार वारसाची जबाबदारी मृताची जेवढी मालमत्ता त्याच्या हाती आली तेवढ्यापुरतीच असते. म्हणजे येथे सावकारांना ३० लाखांपर्यंतच हात घालता येईल. उरलेले १५ लाख मुलांच्या स्वतःच्या कमाईतून वसूल होणार नाहीत. पितृऋण फेडणे हे पुत्राचे धर्मकर्तव्य, या आधारावर मुलावर दावा लावण्याची जुनी वाटही ९ सप्टेंबर २००५ नंतरच्या कर्जांपुरती बंद झाली आहे.

खरी अडचण निराळीच असते. तेराव्यानंतर मुलगा गल्ल्यावर बसतो, जुना माल विकतो आणि पैसा घरखर्चात मिसळून जातो. पुढे दाव्यात त्या मालाचे काय केले हे त्याला दाखवता आले नाही, तर तेवढ्या रकमेपुरता तो स्वतः बांधला जातो. म्हणून कुलूप उघडण्यापूर्वी दोन साक्षीदारांसमक्ष मालाची व उधारीची यादी करावी, विक्रीचा पैसा वेगळ्या खात्यात ठेवावा आणि त्यातून देणी भागवून पावत्या जपाव्यात. जीएसटीचे तर स्पष्टच आहे : धंदा बंद केला तर थकबाकी मृताच्या मालमत्तेपुरती, तोच धंदा पुढे चालवला तर चालवणाराच ती देण्यास जबाबदार. दुकान चालू ठेवावे की नाही, हा निर्णय भावनेच्या भरात घेण्याचा नव्हे.

थोरल्या मुलाने बँकेच्या कॅश क्रेडिटला जामीन म्हणून सही केली असेल, तर मात्र वरील संरक्षण त्याच्या कामाचे नाही. ते देणे वारसाचे नसून त्याचे स्वतःचे आहे. भागीदार किंवा सहकर्जदार असल्यासही तेच. म्हणून आधी बँकेकडून कर्जाच्या कागदांच्या प्रती मागवून सह्या पाहाव्यात.

विवाहित बहिणीला या व्यापातून बाहेर पडायचे असेल, तर हक्कसोडपत्र हा मार्ग आहे. घराचा हिस्सा सोडायचा तर ते दुय्यम निबंधकांकडे नोंदवावेच लागते, आणि नंतर मिळकत पत्रिकेवर फेरफार करून घ्यावा. वडील हयात असताना लिहिलेले असे पत्र हक्क सोडल्याचे ठरत नाही, कारण तेव्हा हक्कच जन्मलेला नसतो. हिस्सा सोडायचा तो सहवारसाच्या लाभात. त्यामुळे सर्वांनी मिळून तो सोडता येत नाही. आणि घर गहाण असेल, तर हिस्सा कोणाकडेही गेला तरी बँकेचा बोजा घरावर राहतोच.