अर्ध्यावर मिटलेली कादंबरी

आमच्याकडील वाचनालयांतून एक निवाडा वर्षानुवर्षे पुराव्यावाचून दिला जात आहे. जो वाचक सहाशे पानांची कादंबरी तीनशेव्या पानावर खूण घालून परत करतो, तो आळशी. आणि जो तिच्याऐवजी कथासंग्रह मागतो, त्याची मजल तेवढीच. या निवाड्याविरुद्ध अपील करण्यासाठी हा लेख आहे. आरोपीच्या वर्तनाची साधी चौकशीही कोणी केलेली नाही, ही माझी पहिली हरकत.

चौकशी करू लागले की दिसते, अर्ध्यावर थांबणारे वाचक एका जातीचे नसतात. पुस्तक मिटल्यावर महिन्याने त्यांना एकच प्रश्न विचारावा: आरंभी काय घडले होते? एक जण म्हणेल, नावेच आठवत नाहीत. दुसरा सारे बिनचूक सांगेल आणि वर म्हणेल, पण पुढे काय होते याची मला उत्सुकता राहिली नाही. पहिल्याची अडचण स्मृतीची आणि सवडीची. दुसऱ्याची अडचण ओळख जुनी झाल्याची. या दोघांच्या हाती एकच संग्रह ठेवणे म्हणजे दोन वेगळ्या दाव्यांना एकच कैफियत जोडणे होय.

पहिला घेऊ. सहकारी पतपेढीतील एक कारकून कल्पावा. रात्री त्याला अर्धा तास मिळतो. तोही रोज नव्हे. त्याने ‘मृत्युंजय’ हाती घेतली. शिवाजी सावंतांच्या या १९६७ सालच्या कादंबरीचे नऊ भाग आहेत आणि कथा सांगणारी मुखे सहा. चार भाग कर्ण बोलतो. कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि श्रीकृष्ण यांच्या वाट्याला प्रत्येकी एक. सलग वाचणाऱ्याला ही रचना वैभव वाटते. परंतु चार दिवसांच्या अंतराने परतणाऱ्याला आधी कोण बोलत आहे, मग मागच्याने धागा कोठे सोडला, हे जुळवावे लागते आणि त्यात अर्धा तास सरतो. वाटणीच्या दाव्यात तारखा पडत गेल्या की वकीलसुद्धा मूळ अर्ज पुन्हा उघडतो. त्याला कोणी आळशी म्हणत नाही; त्याला त्याचे शुल्कही मिळते!

अशा वाचकाला व्यंकटेश माडगूळकरांचे ‘माणदेशी माणसं’ द्यावे. १९४९ सालचे हे पुस्तक. त्यातील माणसे निरनिराळी, पण मुलूख एक. दुष्काळी रान, गाव, तिथली बोली यांची ओळख एकदा झाली की प्रत्येक वेळी नव्याने करावी लागत नाही, आणि मागचा माणूस विसरला तरी पुढच्याचे काही अडत नाही. ‘धर्मा रामोशी’ पाहा. म्हाताऱ्या धर्माच्या अंगावर चिंध्या आहेत म्हणून त्याला एक धोतर दिले जाते. पुढे धर्मा पुन्हा भेटतो तो चिंध्यांतच. कारण ते धोतर त्याच्या तरण्या मुलीच्या अंगावर गेलेले असते. एका वस्त्राने घरातले दारिद्र्यही सांगितले आणि बापाची अब्रूही. कादंबरीकार हे शंभर पानांत मांडू शकला असता. पण ते धोतर वाचकाच्या ध्यानात राहते ते एका बैठकीत दिले आणि त्याच बैठकीत दिसले म्हणून. मध्ये आठवडा गेला असता तर त्याचा धक्का बोथट झाला असता. येथे आखूडपणा ही सवलत नव्हे, ती कथेची गरज आहे.

दुसऱ्या जातीच्या वाचकाला मात्र एकच मुलूख देऊन चालणार नाही. त्याला दर वेळी नवे दार हवे. बेळगाव-धारवाडकडील वाचकांना जी. ए. कुलकर्णी मी वेगळे सांगायला नकोत. जन्म एकसंब्याचा आणि हयात बरीचशी धारवाडात अध्यापन करण्यात गेलेली. पण त्यांचे पुस्तक निवडताना जे प्रमाद घडतात ते सांगितलेच पाहिजेत. वाचनालयातील एखादा हितचिंतक म्हणतो, “तुम्हांला लांबड नको ना? मग ‘रमलखुणा’ न्या, दोनच कथा आहेत.” दोनच आहेत हे खरे, ‘प्रवासी’ आणि ‘इस्किलार’. पण कथा दोन म्हणजे प्रत्येकीने अर्धे पुस्तक व्यापले आहे! ज्याला मध्यावर कंटाळा येतो त्याला आपण दोन मध्ये दिले. दुसरा हितचिंतक ‘सांजशकुन’ काढतो, कारण ते बारीक आहे. त्यातील लेखन आखूड खरेच, परंतु रूपकाने इतके घट्ट विणलेले की एका पानावर दोनदा थांबावे लागते. आरंभ करावा तो ‘निळा सावळा’ (१९५९) किंवा ‘पारवा’ (१९६०) यांपासून. तेथील माणसे ओळखीच्या घरांतली आहेत. ‘काजळमाया’तील ‘विदूषक’सारख्या दीर्घ कथेकडे तेथून यावे, एकदम नव्हे.

निवडीची कसोटी अनुक्रमणिकेतच असते आणि ती कोणी पाहत नाही. एका कथेच्या पृष्ठांकातून मागच्या कथेचा पृष्ठांक वजा करावा. साधारण वाचक अर्ध्या तासात पंधरा ते वीस पाने वाचतो. बहुतेक कथा त्या आत बसत असतील तर संग्रह त्याच्या सवडीचा. चाळीस पानांच्या कथा असतील तर तो आपलीच जुनी व्याधी लहान बाटलीत घरी नेत आहे.

आता प्रतिपक्षाच्या एका मुद्द्याला उत्तर दिले पाहिजे, कारण तो खरा आहे. कथासंग्रहही लोक अर्ध्यावर टाकतात. टाकतात, पण कारण निराळे. आपल्याकडील बहुतेक कथा आधी ‘सत्यकथे’सारख्या मासिकातून वा दिवाळी अंकातून एकेकट्या आल्या आणि मागाहून एका पुठ्ठ्यात बांधल्या गेल्या. सहा महिन्यांच्या अंतराने वाचण्यासाठी लिहिलेले आपण एका दुपारी वाचतो, आणि मग जी. एं.चे नियतीचे सावट पाचव्या कथेत सावट न राहता सवय होते. चौथी कथा वाचताना दुसरीतील माणसे तिसरीत मिसळू लागली की पुस्तक मिटावे. एका बैठकीला एकच कथा, आणि पुढच्या बैठकीला दुसऱ्या हातची: जी. एं.नंतर दामोदर मावजो यांचा कोंकणी ‘गांथन’ घ्यावा. देवनागरी कोंकणी वाचण्याचा सराव नसलेल्या मराठी वाचकाला पहिली दोन पाने अडखळायला होते, तिसऱ्यापासून कान सरावतो.

एक गोष्ट मात्र कथेकडून मागू नये. माणूस वीस वर्षांत कसा पालटला, हे दाखवायला वर्षे खर्ची घालावी लागतात आणि ती कादंबरीपाशीच असतात. मावजो यांनीही ‘कार्मेलीन’ कादंबरी म्हणूनच लिहिली. अर्ध्यावर थांबणारा वाचक तेवढ्याला मुकतो, हे मी मान्य करतो. पण मुकणे वेगळे आणि दोषी ठरणे वेगळे. सप्ताहाचे सातही दिवस जो बसला नाही, त्याने एका रात्रीत आरतीपर्यंत पुरे होणारे आख्यान ऐकू नये, असे कोणत्या देवळात सांगितले जाते? पूर्वरंग, उत्तररंग आणि घरी, हा श्रोत्याचा हक्क आपण शतके मानला. तोच श्रोता वाचनालयाची पायरी चढताच त्याची लायकी कमी कशी होते, याचे उत्तर पुस्तक-निवड समित्यांनी द्यावे. आणि नव्या खरेदीच्या यादीत दहा कादंबऱ्यांमागे एक कथासंग्रह का असतो, तेही त्याच वेळी सांगावे.