विकलेलं गेमिंग अकाउंट खरं तर विकलं जातच नाही

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर केला आणि पैसे लावून खेळायच्या गेमवर बंदी आली. अनेक पालकांना वाटलं, चला, मुलांच्या मोबाइलची एक काळजी मिटली. पण मुलांच्या खिशातून पैसे जाण्याची एक वाट या चर्चेत फारशी आलीच नाही. ती म्हणजे गेमच्या अकाउंटची खरेदी-विक्री. टेलिग्राम, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअॅपच्या ग्रुपमध्ये हा बाजार उघड चालतो आणि त्यात गिऱ्हाईक बहुतेक वेळा शाळा-कॉलेजातलं पोर असतं.

अकाउंट विकत घेतात म्हणजे नेमकं काय घेतात, ते आधी पाहू. आपल्याकडे मुलं सर्रास खेळतात तो बीजीएमआय हा गेम फुकट आहे. पण त्यातले भारी कपडे, बंदुकीवरची नक्षी म्हणजे स्किन, यांसाठी यूसी नावाचं गेममधलं चलन रुपये देऊन घ्यावं लागतं. बऱ्याच वस्तू सरळ मिळतही नाहीत. यूसी खर्च करून पेट्या उघडायच्या आणि नशिबात असेल ते घ्यायचं. एम४१६ बंदुकीची ‘ग्लेशियर’ स्किन अशीच मुलांच्या स्वप्नात असते. त्यामुळे कुणी म्हणालं, ‘माझ्या अकाउंटवर ग्लेशियर आहे, सहा हजारात देतो’, तर मुलाला तो सौदा स्वस्त वाटतो.

इथेच पहिली गफलत आहे. ते अकाउंट त्या विकणाऱ्याच्या मालकीचं नसतंच. गेम सुरू करताना आपण न वाचता ‘मान्य आहे’ दाबतो, त्या करारात कंपनी फक्त वापरायची परवानगी देते. स्किन, यूसी, लेव्हल हे सगळं कंपनीचं. अकाउंट विकायला, भाड्याने द्यायला किंवा दुसऱ्याच्या नावावर करायला मनाई असते. कॉम्प्युटरवरच्या गेमचं मोठं दुकान असलेल्या स्टीमचा नियमही असाच आहे. तिथे काही वस्तू स्टीमच्याच बाजारात विकता येतात, पण अकाउंट विकता येत नाही. भाड्याच्या घराची किल्ली भाडेकरूने परस्पर तिसऱ्याला विकावी, तसा हा प्रकार. घरमालकाला कळलं की कुलूप बदलणार, आणि पैसे मोजणारा बाहेर राहणार.

पण नियमापेक्षा मोठा धोका दुसराच आहे, आणि तो मुलांना कुणी समजावून सांगत नाही. बीजीएमआयचं अकाउंट स्वतंत्र नसतं. ते कुणाच्या तरी गूगल, फेसबुक किंवा एक्सच्या लॉगिनला जोडलेलं असतं. म्हणजे गेम विकत घेताना आपण खरं तर एका अनोळखी माणसाचं ईमेल किंवा फेसबुक घेत असतो. त्याची पाळंमुळं त्याच माणसाकडे असतात. त्याचा जुना मोबाइल नंबर, त्याचा नेहमीचा फोन, त्याचं नाव, त्याचं ओळखपत्र.

समजा, मालेगावच्या एका मुलाने सोलापूरच्या मुलाकडून सहा हजारांना असं अकाउंट घेतलं. पैसे यूपीआयने गेले, ईमेल आणि पासवर्ड आला. या मुलाने हुशारीने लगेच पासवर्ड बदलला, स्वतःचा नंबर टाकला आणि निर्धास्त झाला. चौथ्या दिवशी अकाउंट बंद. झालं काय? सोलापूरच्या मुलाने ‘पासवर्ड विसरलो’ दाबलं. रिकव्हरीचा नंबर बदलला तरी गूगल पुढचे सात दिवस जुन्या नंबरवर कोड पाठवायची सोय देऊ शकतं, कारण चोराने नंबर बदलला तर खऱ्या मालकाला अकाउंट परत मिळावं. शिवाय तो नेहमीच्या फोनवरून, नेहमीच्या शहरातून मागणी करतोय, म्हणून गूगलला तोच खरा मालक वाटतो. फेसबुक असेल तर तो ओळखपत्र दाखवतो. स्टीमवर जुन्या खरेदीचा पुरावा चालतो. चोरीपासून वाचवणारी ही सोयच इथे विकणाऱ्याच्या कामी येते. तेच अकाउंट तो पुढच्या आठवड्यात तिसऱ्याला विकू शकतो.

मालेगावचा मुलगा आता कंपनीकडे तक्रार करणार. काय लिहिणार? ‘मी हे अकाउंट विकत घेतलं होतं.’ म्हणजे नियम मोडल्याची कबुली स्वतःच्याच हाताने. कंपनी ते अकाउंट त्याला मिळवून देणार नाही, उलट बंद करू शकते. आधीच्या माणसाने त्यावर हॅक वापरला असेल, तर त्याची शिक्षाही अकाउंटलाच लागते. खेळणारा हात बदलला, हे बंदी घालणारी यंत्रणा पाहत नाही.

हे वाचून वाटेल, मग विकणारा फायद्यात. तसंही नाही. समजा सोलापूरचा मुलगा प्रामाणिक आहे, त्याला फक्त दहावीच्या अभ्यासासाठी गेम सोडायचाय. तरी त्याने आपलं गूगल अकाउंट दिलं, म्हणजे त्यातले फोटो, नातेवाइकांचे नंबर, जुने ईमेलही दिले. फेसबुक दिलं, तर त्याच्या नावाने कुणीही त्याच्या चाचा-मामूंकडे ‘अर्जंट पैसे पाठवा’ म्हणून मेसेज करू शकतं. चौकशीत नाव निघणार ते त्याचं.

त्याहून वाईट म्हणजे आलेले पैसे कुठले, हे त्याला माहीत नसतं. घेणाऱ्याने ते सहा हजार तिसऱ्याच कुणाला फसवून मिळवले असतील, तर फसलेल्या माणसाची तक्रार पैशाच्या मागावर थेट विकणाऱ्याच्या बँक खात्यापर्यंत येते. बँक ती रक्कम, कधी कधी पूर्ण खातं गोठवते. मुलाचं स्वतःचं खातं नसतं म्हणून अब्बांचा किंवा अम्मीचा यूपीआय दिलेला असतो. मग एका स्किनपायी घरखर्चाचं खातं अडकतं.

यावर उपाय म्हणून ग्रुपमध्ये ‘मिडलमन’ असतो. पैसे आणि पासवर्ड दोन्ही त्याच्याकडे द्यायचे, तो दोघांना पोहोचवणार. पण तो स्वतःच अनोळखी. त्याच्याबद्दलचे ‘भाई एकदम जेन्युइन आहे’ हे मेसेज टाकणारे नंबरही त्याचेच असू शकतात. आणि तो खरोखर प्रामाणिक असला, तरी सौद्यानंतर जुन्या मालकाने रिकव्हरी केली तर त्याच्याही हातात काही उरत नाही.

घरात असा सौदा झाल्याचं कळलं, तर आधी रागावण्यात वेळ घालवू नका. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करा किंवा cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवा. जितक्या लवकर तक्रार, तितकी पैसे पुढच्या खात्यात जाण्याआधी थांबवण्याची शक्यता जास्त. चॅट, यूपीआयचा व्यवहार क्रमांक आणि समोरच्याचा नंबर यांचे स्क्रीनशॉट ठेवा, ग्रुप डिलीट करू नका. आपण गेमचा नियम मोडलाय, या भीतीने गप्प बसू नका. तो कंपनीशी झालेला करार आहे; फसवणूक हा कायद्याने गुन्हा आहे.

आणि मुलाने आपलं अकाउंट आधीच विकलं असेल, तर ते लपूनछपून परत मिळवायला सांगू नका, कारण घेणाऱ्याच्या दृष्टीने तीच फसवणूक ठरते. घेणाऱ्याचे पैसे परत करा, व्यवहार मोडल्याचं चॅटमध्ये लिहून घ्या आणि मग पासवर्ड बदलून, गूगलच्या सिक्युरिटी पानावर ‘युअर डिव्हाइसेस’ उघडून अनोळखी फोन बाहेर काढा. गेम सोडायचाच असेल, तर अकाउंट विकायची गरज नाही. मोबाइलवरून गेम काढला की झालं.