मुंबई तुंबली तरी पाणीकपात का?

दरवर्षी जूनमध्ये हा प्रश्न येतोच. हिंदमाताला गुडघाभर पाणी, लोकल बंद, आणि तरी नळाला 10 टक्के कपात. लोक वैतागतात, महापालिकेला शिव्या घालतात. वैताग बरोबर आहे, पण शिव्या चुकीच्या महिन्यात पडतात. कसं ते सांगतो.

मुंबई ज्या सात तलावांचं पाणी पिते, त्यातले फक्त विहार आणि तुळशी शहरात आहेत. दोन्ही मिळून एकूण साठ्याच्या अडीच टक्केही भरत नाहीत. बाकी पाणी येतं भातसा, तानसा, मोडक सागर, मध्य वैतरणा आणि ऊर्ध्व वैतरणामधून. म्हणजे ठाणे, पालघर आणि नाशिक जिल्ह्यांतून. एकट्या भातसात जवळपास निम्मा साठा. त्यामुळे दादरला किती कोसळला याला काही अर्थ नाही; शहापूर, मोखाडा, इगतपुरीच्या डोंगरात किती पडला ते बघायचं. तिथलाही पहिला पाऊस तापलेली जमीनच पिते. ओढे वाहायला लागले की मगच तलावाची पातळी हलते.

आता साधा हिशेब. सातही तलाव काठोकाठ भरले तर साठा होतो सुमारे 14 लाख 47 हजार दशलक्ष लिटर. शहराला रोज लागतं साधारण 3,850. भागाकार करा, 375 दिवस येतात. त्यात उन्हाने वाफ होऊन उडतं ते वेगळंच. म्हणजे भरलेले तलाव म्हणजे जेमतेम एक वर्षाची शिदोरी. शिल्लक अशी काही नसतेच. म्हणूनच 1 ऑक्टोबरला पाऊस संपताना किती साठा आहे, त्यावर पुढचा उन्हाळा ठरतो.

2024 चंच बघा. मे संपत आला तेव्हा साठा 10 टक्क्यांच्या खाली, सुमारे 1 लाख 40 हजार दशलक्ष लिटर. रोजच्या हिशेबाने 36 दिवस, म्हणजे जूनअखेर खडखडाट. मग भातसा आणि ऊर्ध्व वैतरणाचा राखीव साठा हिशेबात धरला, सुमारे 2 लाख 28 हजार. हे नेहमीच्या पातळीखालचं, अडीअडचणीसाठी ठेवलेलं पाणी. त्याने आणखी 59 दिवस निघतात. कागदावर ऑगस्टअखेरपर्यंत चिंता नाही! पण राखीव पाणी तळाला लावलं आणि पाऊस लांबला, तर पुढे हातात काय? म्हणून 30 मेपासून 5 टक्के आणि 5 जूनपासून 10 टक्के कपात झाली. तलाव भरू लागल्यावर 29 जुलैला ती मागे घेतली.

या 10 टक्क्यांनी काय वाचलं? रोज 385 दशलक्ष लिटर. म्हणजे दहा दिवस कपात सोसली की एका दिवसाचं पाणी वाचतं. 54 दिवसांत वाचलं साधारण साडेपाच दिवसांचं.

माझं म्हणणं इथेच आहे. हीच कपात 5 टक्क्यांनी मार्चपासून जूनअखेरपर्यंत केली असती, तर सहा दिवसांचं पाणी वाचलं असतं. तेवढंच, उलट थोडं जास्तच, आणि त्रास निम्मा. तलावाची पातळी काही मेमध्ये अचानक घसरत नाही; रोज किती उपसा आणि किती शिल्लक, याचा आकडा महापालिकेकडे रोज असतो. मार्चमध्ये तलावात पाणी दिसत असताना कपात जाहीर करायला कोणी धजत नाही, एवढंच.

आणि 10 टक्के म्हणजे सगळ्यांना 10 टक्के, असंही नाही. जलवाहिनीत पाणी कमी आलं की दाब कमी होतो. टॉवरवाल्यांकडे जमिनीखाली टाकी असते, पंप असतो, वर टँकर मागवायची ऐपत असते. टेकडीवरच्या वस्तीत, लाइनच्या शेवटच्या टोकाला हंडा लावून बसलेल्या बाईला 10 टक्के कमी येत नाही, कधी कधी काहीच येत नाही. उशिरा केलेली मोठी कपात सगळ्यात आधी तिच्या हंड्यावर पडते.

अजून एक. ज्या शहापूर तालुक्यात भातसा आणि तानसा आहेत, तिथल्या गावपाड्यांवर उन्हाळ्यात टँकर फिरतात. धरण उशाला आणि कोरड घशाला. या लोकांना मुंबईची कपात 5 टक्के की 10 टक्के, याने काही फरक पडत नाही. त्यांची कपात कायमचीच आहे.

तेव्हा मुंबईकरांनो, पाण्याबद्दल जाब विचारायचाय ना? जूनमध्ये तुंबलेल्या रस्त्यावर उभं राहून नको. 1 ऑक्टोबरचा आकडा लिहून ठेवा, 1 मार्चला शिल्लक बघा, 3,850 ने भागा. जुलैअखेरपर्यंत दिवस पुरत नसतील, तर त्याच दिवशी विचारा, कपात आज का नाही?