इंडिकेटरची टिकटिक का वाढली?

गाडीत हौसेने एलईडी बल्ब बसवले आणि घरी निघताना वळणाचा इंडिकेटर दुप्पट वेगाने लुकलुकू लागला, असा अनुभव अनेकांना येतो. पुण्यातल्या एका कुटुंबाच्या पंधरा वर्षे जुन्या गाडीचेही असेच झाले. मेकॅनिकने मागच्या दोन्ही दिव्यांना एकेक रेझिस्टर जोडला. टिकटिक पूर्ववत झाली आणि सगळे निश्चिंत झाले. पुढे पावसाळ्यात घाटात वाहने अडकली. इंजिन सुरू ठेवून चारही इंडिकेटर अर्धा तास चालू होते. तेवढ्यात डिकीतून जळका वास येऊ लागला. पाहतात तो दिव्यामागचे प्लॅस्टिकचे अस्तर वितळून रेझिस्टरला चिकटलेले!

खरे तर ती वेगवान टिकटिक बिघाड नव्हती, तो इशारा होता. इंडिकेटर लुकलुकवणाऱ्या फ्लॅशरची रचनाच अशी असते की, एखादा बल्ब गेला आणि वीज कमी खेचली गेली की तो वेग वाढवून चालकाला सावध करतो. या गाडीत मागचा साधा बल्ब 21 वॅटचा, म्हणजे पावणेदोन अँपियर वीज घेणारा होता. त्याजागी आलेला एलईडी जेमतेम 3 वॅटचा. फ्लॅशरला वाटले, बल्ब उडाला.

म्हणून सर्वप्रथम गाडीभोवती फेरी मारून प्रत्येक दिवा खरोखर लागतो की नाही हे पाहावे. काही एलईडी उलटे बसले तर लागत नाहीत. ते काढून फिरवून बसवले की काम होते. मग दहा सेकंदांत किती वेळा उघडझाप होते ते मोजावे. दहा ते वीस असेल तर ठीक, त्याहून जास्त असेल तर उपाय हवा.

पहिला उपाय रेझिस्टरचा. बाजारात 6 ओहम, 50 वॅटचा सोनेरी धातूच्या आवरणाचा रेझिस्टर मिळतो. त्याचे एक टोक त्या दिव्याच्या इंडिकेटरच्या वायरला आणि दुसरे अर्थला जोडतात. तो जुन्या बल्बइतकीच वीज खातो, त्यामुळे फ्लॅशरची समजूत पटते. पण बल्ब ज्या विजेतून प्रकाशही देत असे, ती इथे सगळी उष्णतेत जाते. इंजिन सुरू असताना 14 व्होल्टवर एक रेझिस्टर सुमारे 33 वॅट खातो. लुकलुकताना तो निम्मा वेळ बंद असला, तरी थोड्याच वेळात हात भाजण्याइतका तापतो. त्यावर लिहिलेले 50 वॅट म्हणजे तो थंड राहील असे नव्हे. धातूच्या पत्र्यावर घट्ट बसवला तर तो तेवढी उष्णता सोसू शकेल, एवढाच त्याचा अर्थ. पुण्याच्या गाडीत तो प्लॅस्टिकच्या पट्टीने वायरींच्या जुडग्याला बांधलेला होता. चूक तिथेच झाली. तो गाडीच्या पत्र्यावर स्क्रूने आवळावा आणि वायर, कापड व प्लॅस्टिकपासून दूर ठेवावा.

दुसरा उपाय फ्लॅशरच बदलण्याचा. जुन्या गाड्यांत तो डॅशबोर्डखाली किंवा फ्यूजच्या पेटीत छोट्या डबीसारखा असतो. इंडिकेटर लावून कान दिला की टिकटिक कुठून येते ते कळते. त्याजागी एलईडीसाठीचा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर बसवता येतो. मात्र पिनांची संख्या आणि क्रम जुन्याशी जुळायला हवा. तिसरी पिन असल्यास ती बहुधा अर्थची असते. हा फ्लॅशर वीज किती खेचली जाते हे पाहत नाही, ठरलेल्या वेगानेच चालतो. त्यामुळे रेझिस्टर लागत नाहीत आणि तापण्याचा प्रश्नच मिटतो. या कुटुंबाने शेवटी हाच मार्ग धरला आणि दोन्ही रेझिस्टर काढून टाकले.

अनेक नव्या गाड्यांत वेगळा फ्लॅशर नसतो. तिथे हे काम गाडीचा संगणकच करतो आणि टिकटिक स्पीकरमधून ऐकू येते. अशा गाडीत फ्लॅशर शोधण्यात वेळ घालवू नये. नीट बसवलेला रेझिस्टर किंवा पुन्हा साधा बल्ब, एवढेच पर्याय उरतात.

दोन्ही उपायांची एक किंमत मात्र मोजावी लागते. यापुढे एलईडी बंद पडला, तरी टिकटिक पूर्वीच्याच चालीने सुरू राहील आणि आत बसलेल्याला काहीच कळणार नाही. म्हणून त्या घरी आता दर रविवारी गाडी धुताना मुलगी मागे उभी राहते, वडील डावा-उजवा इंडिकेटर लावतात आणि ती "लागला" म्हणाली की मगच पुढचा लावतात.