वर्षावास प्रवचनमाला : थेट किती पाहतात, मागाहून किती?

आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू झाला की गावोगावच्या विहारांत प्रवचनमाला सुरू होतात आणि आता त्यांतल्या बऱ्याच मोबाईलवरून यूट्यूबवर थेट दाखवल्या जातात. आश्विन पौर्णिमेपर्यंत हा क्रम चालतो. पण तीन-चार आठवडे झाले की समितीच्या बैठकीत तोच प्रश्न येतो : ‘पंधरा-सोळा जण बघतात, त्यासाठी एवढा खटाटोप कशाला?’ आमच्या मते हा प्रश्न चुकीच्या आकड्यावर उभा आहे. पेण आणि रोहा या दोन तालुक्यांत तर तो जास्तच फसवा ठरतो.

सायंकाळी सात वाजता इथला माणूस कुठे असतो, ते आधी पाहू. रोह्याजवळच्या धाटाव एमआयडीसीत रासायनिक कारखाने पाळ्यांवर चालतात. दुसऱ्या पाळीचा कामगार सातला कारखान्यात असतो आणि तिसऱ्या पाळीचा निघायच्या तयारीत. पेणमध्ये गणेशमूर्तींच्या कारखान्यांत नेमका आषाढ-श्रावणातच कामाचा जोर असतो, म्हणजे वर्षावासाचा पूर्वार्ध आणि मूर्तीच्या रंगकामाची घाई एकाच वेळी येतात. पनवेल, ठाणे, मुंबईला नोकरीला जाणारा त्या वेळी गाडीत असतो आणि वाटेत रेंज येते-जाते. हे सगळे आपलेच श्रोते आहेत. फक्त सातचे नाहीत.

आता ‘सोळा’ या आकड्याकडे वळू. थेट चालू असताना स्क्रीनवर जो आकडा दिसतो, तो त्या क्षणी किती ठिकाणी प्रक्षेपण सुरू आहे एवढेच सांगतो. कोणी सातला येऊन सव्वासातला गेले आणि दुसरे कोणी साडेसातला आले, तर दोघे त्या आकड्यात कधीच एकत्र दिसत नाहीत. शिवाय एका टीव्हीसमोर घरचे पाच जण बसले तरी मोजणी एकच होते. म्हणून शिखराचा आकडा म्हणजे श्रोतृसंख्या नव्हे.

एक हिशेब मांडून पाहू. आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत, कोणत्याही विहाराचे नाहीत. समजा, प्रक्षेपण ७५ मिनिटांचे झाले. थेट चालू असताना ४० वेळा पाहिले गेले आणि पाहण्याची एकूण मिनिटे ७२० झाली, म्हणजे सरासरी १८ मिनिटे. ७२० ला ७५ ने भागले की कळते, कोणत्याही क्षणी सरासरी नऊ-दहा ठिकाणी ते सुरू होते आणि शिखराला सोळा. पुढच्या सात दिवसांत तोच व्हिडिओ ९० वेळा पाहिला गेला आणि मिनिटे झाली ८१०, सरासरी ९. वेळा मोजल्या तर मागाहून पाहणारे दुपटीहून जास्त दिसतात. मिनिटे मोजली तर दोन्ही बाजू जवळपास सारख्या. आणि सरासरी पाहिली तर वाटते, मागाहून पाहणाऱ्याला गोडी कमी.

इथेच घाईने निष्कर्ष काढू नये. समजा, त्या ७५ मिनिटांतली पहिली बारा मिनिटे माईक तपासण्यात, सतरंज्या घालण्यात आणि पाहुण्यांची वाट पाहण्यात गेली. थेट पाहणारा तेवढ्यात चहा घेतो, चॅटमध्ये ‘जयभीम’ टाकतो, ओळखीचे चेहरे शोधतो. रात्रपाळीहून घरी आलेला माणूस सकाळी तोच व्हिडिओ लावतो तेव्हा त्याला रिकामा मंच दिसतो. तो बंद करतो. नऊ मिनिटांची सरासरी ही प्रवचनाबद्दलची नापसंती नसून रिकाम्या मंचाबद्दलची असू शकते. खात्री करायची तर यूट्यूब स्टुडिओत त्या व्हिडिओचा, कोणत्या मिनिटाला किती प्रेक्षक टिकले हे दाखवणारा आलेख उघडावा. सुरुवातीलाच रेषा कोसळून तेराव्या मिनिटाजवळ पुन्हा वर चढत असेल, तर लोक रिकामा भाग ओलांडून प्रवचन शोधत आहेत. चढ नसेल आणि प्रवचन सुरू झाल्यावरही रेषा घसरतच असेल, तर कारण वेगळे आहे, बहुधा आवाजाचे.

आणखी एक चूक जवळजवळ सगळेच करतात. पहिल्या तारखेचे आकडे ‘थेट’ आणि पुढच्या तारखांचे ‘मागाहून’ असे धरतात. यूट्यूबच्या अहवालातला दिवस मात्र आपल्या मध्यरात्री बदलत नाही. तो अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या वेळेनुसार बदलतो. वर्षावासाच्या महिन्यांत तिथली मध्यरात्र म्हणजे आपले दुपारचे साडेबारा. म्हणजे शनिवारी सायंकाळच्या प्रवचनाची ‘पहिली तारीख’ रविवारी दुपारी साडेबाराला संपते. रविवारी सकाळी पाळी संपवून आलेला, गावी आलेला, सुट्टीला घरी असलेला सगळा श्रोता शनिवारच्या खात्यात जातो. थेटचा आकडा फुगतो आणि मागाहूनचा आटतो. तारखेने वाटणी करण्याऐवजी यूट्यूबच्या अ‍ॅनालिटिक्स सेवेतली `liveOrOnDemand` ही वर्गवारी घ्यावी. ती प्रक्षेपण चालू असतानाचे पाहणे `LIVE` मध्ये आणि नंतरचे `ON_DEMAND` मध्ये टाकते. समितीतला संगणक जाणणारा एखादा तरुण हे काम करू शकतो. मात्र मागाहूनचा आकडा रोज वाढतच राहतो, म्हणून प्रत्येक प्रवचनासाठी सारखाच अवधी धरावा. सात दिवस ठीक. नाहीतर पहिले प्रवचन नेहमीच दहाव्यापेक्षा ‘लोकप्रिय’ ठरेल.

यावरून पुढचे नियोजन कसे करावे? आमचे म्हणणे असे की एकाच प्रक्षेपणाला दोन कामे आहेत आणि ती वेगळी हाताळावीत. थेट प्रक्षेपण त्याच वेळी सामील होऊ इच्छिणाऱ्यांसाठी आहे : वंदना सोबत म्हणणे, प्रश्न विचारणे. आजारी उपासिका किंवा पावसामुळे विहारात येऊ न शकलेले वयस्क यांना दुसरा मार्ग नसतो. तेव्हा ते दहा ठिकाणी सुरू असले तरी बंद करू नये.

मागाहून पाहणाऱ्यासाठी तोच व्हिडिओ दुसऱ्या रूपात द्यावा. प्रक्षेपण संपल्यावर स्टुडिओच्या संपादकात सुरुवातीचा रिकामा भाग कापावा. लिंक तीच राहते, पाहिल्याची मोजणीही तशीच राहते. मग वर्णनात वेळखुणा लिहाव्यात : पहिली खूण 0:00 ची, एकूण किमान तीन. कापण्याआधी खुणा लिहिल्या तर सगळ्या बारा मिनिटांनी चुकतात, म्हणून हा क्रम पाळावा. लिंकही प्रवचन संपताच एकदा टाकून थांबू नये. रात्रपाळी सुटल्यावर, सकाळी, ती पुन्हा गटात टाकावी.

एका वेळी एकच बदल करावा. तीन आठवडे फक्त सुरुवात कापून पाहा, पुढचे तीन आठवडे लिंकची वेळ बदलून पाहा. दोन्ही एकदम केले तर कशाने फरक पडला हे कळणार नाही. आणि एवढ्या लहान संख्येत चाळिसाचे पस्तीस झाले तर त्याचा काहीच अर्थ नाही. त्या संध्याकाळी मुसळधार पाऊस झाला असेल, वीज गेली असेल. तीन-तीन आठवड्यांची बेरीज घ्या आणि पाण्या-विजेची नोंद शेजारी ठेवा.

पहिल्या तीन आठवड्यांनंतर मागाहून पाहणाऱ्यांची सरासरी नऊवरून पुष्कळ वर गेली, तर दोष रिकाम्या मंचाचा होता. ती तिथेच राहिली, तर दुसरा कॅमेरा घेण्याआधी वक्त्याच्या गळ्याजवळ एक चांगला माईक लावा. सातची वेळ बदलायची की नाही, हा प्रश्न त्यानंतरचा. आणि त्याचे उत्तर सोळाच्या आकड्यात सापडणार नाही. रविवारी सकाळी पाळीवरून परतलेला माणूस किती वेळ ऐकतो, त्यात सापडेल.